पत्रातली शेवटची ओळ

शकुंतलाबाई गेल्याचं खंडोजीरावांना कळलं, तेव्हा ते जहाजाच्या इंजिनखोलीत कोपरापर्यंत तेलात हात घालून एक पंप उघडून बसले होते. कॅप्टननं वर बोलावलं आणि कंपनीचा मेल वाचायला दिला. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की म्हैसूरहून घरचा फोन आला, आज सकाळी पत्नीचं निधन झालं, कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की सिंगापूरला पोचायला चार दिवस आहेत, तोवर सेकंड इंजिनिअरनं, म्हणजे खंडोजीरावांनीच, पंपाचं काम पुरं करून घ्यावं. खाली नाव अनंतकृष्णांचं.

खंडोजीरावांनी पंपाचं काम पुरं केलं. दुसरं काय करणार? भर समुद्रातून घरी जायला रस्ता नसतो.

अनंतकृष्ण म्हणजे कंपनीचे क्रूइंग मॅनेजर. कोण कधी जहाजावर चढणार, कोण कधी उतरणार, हे मुंबईच्या थंडगार ऑफिसात बसून तेच ठरवायचे. आयुष्यात एकदाही बोट लागली नव्हती त्यांना, कारण बोटीवर पाऊलच ठेवलं नव्हतं. मूळचे उडुपीकडचे. काही हवं असलं की कन्नडात बोलायचे, नाही म्हणायचं असलं की इंग्रजीत. दर वर्षी जानेवारीत सगळ्यांना कॅलेंडर पाठवायचे, त्यावर छापलेलं असायचं की आपण सारे एक कुटुंब.

तर या कुटुंबाचा नियम असा. सहा महिन्यांचा करार, महिनाभर पुढेमागे. त्यापुढे माणसाला जहाजावर ठेवायचं तर त्याची लेखी संमती लागते. खंडोजीरावांची जागा घ्यायला नेहमी चिदंबर यायचा, तुतुकुडीचा, वयानं दहा वर्षांनी लहान. हा चढला की तो उतरायचा. त्या खेपेला खंडोजीरावांचे सात महिने मार्चच्या मध्याला भरत होते. पण चिदंबरचं पत्र आलं की घराची वास्तुशांत आहे, महिनाभर जास्त रजा हवी. अनंतकृष्णांनी ते जसंच्या तसं जहाजावर पाठवलं आणि कन्नडात फोन केला, "तुम्ही मोठे, समजून घ्या. पोराचं पहिलं घर आहे." खंडोजीरावांनी संमतीच्या कागदावर सही केली. घरी विचारलं, तर शकुंतलाबाई फोनवर म्हणाल्या, "राहा की. इथं काय अडलंय?"

एप्रिलच्या नऊ तारखेला त्यांच्या छातीत दुखलं. गॅस झाला असेल म्हणून त्या गरम पाणी पिऊन पडून राहिल्या. मुलगी नोकरीला परगावी, घरात दटावून दवाखान्यात नेणारं कोणी नव्हतं. दटावणारा माणूस चिदंबरच्या वास्तुशांतीपायी समुद्रात होता.

सिंगापूरला लाँचमधून चिदंबर वर आला. खंडोजीरावांना त्याच लाँचनं उतरायचं होतं. चिदंबरनं हात पुढे केला. खंडोजीरावांनी त्या हातात कामाच्या नोंदींची फाइल ठेवली.

"सर, आय ॲम सॉरी," चिदंबर म्हणाला.

"तीन नंबरचा जनरेटर तापतो, लक्ष ठेव," खंडोजीराव म्हणाले आणि शिडी उतरले. विमानात बसल्यावर त्यांनी फोनमध्ये चिदंबरचा नंबर बंद करून टाकला. म्हैसूरला नजरबादच्या घरी पोचले तो पाचवा दिवस होता. अग्नी पुतण्यानं दिला होता.

पुढचे महिने घर सांभाळायला थोरली बहीण भवानीबाई येऊन राहिली. तेरावं झालं, आषाढ लागायला आला, तेव्हा तिनं विषय काढला. मुलीचा, राजलक्ष्मीचा. गावाबाहेरच्या हूटगळ्ळीच्या कारखान्यातला मुलगा शकुंतलाबाईंनी स्वतः पाहून ठेवला होता. राजीलाही पसंत होता.

"वर्षाच्या आत करायला हवं," भवानीबाई म्हणाली. "आईचं वर्ष उलटलं की मग तीन वर्षं थांबायचं. ते लोक तीन वर्षं थांबणार नाहीत, सांगून गेलेत."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, अक्का?"

"सुम्ने, गप्प बस. पुस्तकात काय लिहिलंय ते तुझ्या कंपनीला विचार. आपल्यात असं आहे. तुझ्या बायकोनं ठरवलेलं एवढं एकच राहिलंय, ते तरी होऊ दे."

खंडोजीरावांनी पंचांग काढून तिच्यापुढे ठेवलं. पण चातुर्मास तोंडावर होता. मुहूर्त निघाला तो डिसेंबरच्या अकरा तारखेचा. आणि चिदंबरचे सहा महिने ऑक्टोबरच्या मध्याला संपत होते. तेव्हा खंडोजीराव जहाजावर चढले तर उतरायला एप्रिल उजाडणार, म्हणजे वर्ष गेलं. मुलीचं लग्न व्हायचं तर रजा दोन महिने वाढवून घ्यायला हवी होती. सप्टेंबर संपत आला, तेव्हा पत्र लिहायलाच हवं होतं.

ते लिहायला त्यांना तीन दिवस लागले. इंजिनाबद्दल लिहायचं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पहिल्या खर्ड्यात त्यांनी शकुंतलाबाईंचं सगळं लिहिलं, मग वाचून स्वतःचीच लाज वाटली. या माणसाला हे सांगून काय मिळणार होतं, आणखी एक कॅलेंडर? खोडून टाकलं. उरलं ते एवढंच: मुलीचं लग्न अकरा डिसेंबरला आहे, पत्नी हयात नसल्यामुळे मी हजर असणं आवश्यक आहे, तरी मला वीस डिसेंबरपासून पुढे कोणत्याही बंदरात रुजू करावं.

मग त्यांना चिदंबर आठवला. आपल्या पत्रामुळे तो दोन महिने जास्त अडकणार. पहिल्यांदा बरं वाटलं. अडकू दे, वास्तुशांतीवाला. त्याच्या नव्या घराला पंखे लावायला कोणी नसू दे. पण चहा संपेपर्यंत त्या विचाराची चव गेली. आपण त्याच्या पायरीवर उतरायचं? हा माणूस काय आणि आपण काय, हे एकदा कागदावर दिसायलाच हवं होतं. मोठ्या ऐटीत त्यांनी शेवटची ओळ घातली: माझ्या या रजेसाठी जहाजावरच्या सेकंड इंजिनिअरला थांबवू नये, त्याची सोय नसेल तर दुसरा माणूस पाठवावा.

भवानीबाईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण शेवटी जरा फुशारकी वाटते."

दुसऱ्याच दिवशी अनंतकृष्णांचा फोन आला. कन्नडात. खंडोजीरावांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, भवानीबाईलाही ऐकू जावा म्हणून.

"अभिनंदन, अभिनंदन. मुलीचं लग्न म्हणजे केवढी मोठी गोष्ट. रजा दिलीच म्हणून समजा."

भवानीबाईनं समाधानानं मान हलवली.

"फक्त ती शेवटची ओळ काढा आणि पत्र परत पाठवा."

"का?"

"अहो, ते पत्र मला जहाजावर पाठवायचंय ना. चिदंबरची संमती घ्यायला तेच दाखवायचं. मोठ्या माणसाच्या घरचं लग्न आहे म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही. आणि तुम्हीच लिहिलंत की त्याला थांबवू नका, तर तो कशाला थांबेल?"

"मग दुसरा माणूस पाठवा."

"दुसरा माणूस काढायचा तर मला वेगळ्या जहाजाचं सगळं वेळापत्रक हलवावं लागतं. कशाला? सगळे आधी लिहितातच असं काहीतरी. चिदंबरनंसुद्धा लिहिलं होतं गेल्या वेळी. सरांच्या घरी काही अडचण असेल तर मी ठरलेल्या तारखेला चढतो, रजा नको, म्हणून. समजावलं मी त्याला. म्हटलं, सरांची काही अडचण नाही, मी विचारलंय. काढली बिचाऱ्यानं ओळ."

त्यांच्या बोलण्यात थोडासा अभिमान होता, हातखंडा काम दाखवणाऱ्या माणसाचा.

खंडोजीरावांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"तुम्ही मला कुठे विचारलं होतं?" ते म्हणाले. "तुम्ही तर ठरवून फोन केला होता."

"आता जुनं काय काढायचं. ओळ काढून संध्याकाळपर्यंत पाठवा. नाहीतर मला तुम्हाला ऑक्टोबरमध्येच चढवावं लागेल. आणि नाही चढलात तर..." इथं अनंतकृष्ण इंग्रजीत गेले, "तर पुढच्या जहाजाबद्दल मला काही सांगता येणार नाही."

फोन ठेवल्यावर भवानीबाई म्हणाली, "एका ओळीचा प्रश्न आहे. काढ आणि मोकळा हो. पोरीचं लग्न आहे."

"वास्तुशांत होती, अक्का. त्या वेळी वास्तुशांत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे तो नको म्हणत होता." खंडोजीराव उठले, खिडकीपाशी जाऊन परत आले. "सहा महिने शिव्या घातल्या मी त्याला. मनातल्या मनात, रोज. आता त्याच्या घरी काय चाललंय मला ठाऊक आहे? त्याची बायको फोनवर काय सांगत असेल त्याला? इथं काय अडलंय, हेच सांगत असेल."

भवानीबाईनं भाजीची परात बाजूला ठेवली. "आणि राजीचं?"

"लग्न अकरालाच. मी जात नाही ऑक्टोबरात. न्यायला येतोय का तो अनंतकृष्ण पोलिस घेऊन? फार तर जहाज देणार नाही."

"या वयात दुसरी कंपनी तुला घेणार आहे?"

"बघू."

त्यांनी पत्रातली एक वेलांटीही बदलली नाही. तेच पत्र त्यांनी पुन्हा पाठवलं, पण या वेळी मुंबई ऑफिसबरोबर प्रत जहाजाच्या कॅप्टनला लावली आणि खाली लिहिलं की सेकंड इंजिनिअरला वाचायला द्यावं. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी केलं नसावं. अर्ध्या तासात फोन वाजला. अनंतकृष्ण पहिल्या शब्दापासून इंग्रजीत होते. हे अव्यावसायिक आहे, अंतर्गत पत्रव्यवहार असा जहाजावर पाठवायचा नसतो, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

"का?" खंडोजीराव म्हणाले. "एकाच कुटुंबातले ना आपण?"

चौथ्या दिवशी ऑफिसचा मेल आला. सोळा ऑक्टोबरला सिंगापूरला चिदंबरच्या जागी विशाखापट्टणमचा एक सेकंड इंजिनिअर चढणार होता. ऑगस्टपासून घरी बसून तो जहाजाची वाट बघत होता, असं नंतर कळलं. म्हणजे माणूस होता. वेळापत्रकही फारसं हललं नाही. बहुधा मार्चमध्येही असाच कोणीतरी कुठेतरी घरी बसून होता. खंडोजीरावांनी तो हिशेब पुढे केला नाही. केला असता तर त्या दिवशी जेवण गेलं नसतं.

मेलच्या तळाशी त्यांच्याबद्दल एक वाक्य होतं की पुढील सूचनेपर्यंत आपलं नाव कोणत्याही जहाजासाठी धरलेलं नाही. खाली अनंतकृष्णांचं नाव आणि मुलीच्या विवाहासाठी कंपनीतर्फे शुभेच्छा.

जहाजावरूनही उत्तर आलं, चिदंबरचं, सगळ्यांना प्रत लावलेलं. "पत्र वाचलं. धन्यवाद, सर." इतकंच.

पत्रिका छापून आल्या आहेत. राजीच्या लग्नाची पहिली पत्रिका नंजनगूडच्या देवाला ठेवून झाली. भवानीबाई रोज एक यादी करते आणि रोज हरवते. फोनमध्ये बंद केलेला चिदंबरचा नंबर खंडोजीरावांनी परत चालू केला, त्यालाही आता आठ दिवस झाले. तुतुकुडीच्या पत्त्यावर पत्रिका गेलेली नाही, आणि फोनही अजून केलेला नाही.