सव्वीस

"शपथ वाच," बिशपांचे प्रतिनिधी असलेले फादर, म्हणजे विकार, म्हणाले आणि नाकाला रुमाल लावला.

लेखनिकाने वाचली. "शवपेटीतून काही काढणार नाही, या नोंदीच्या कागदाखेरीज आत काही ठेवणार नाही. तसं केल्यास धर्मबहिष्कार." डॉक्टर, दोन खणणारे आणि विकार, सगळ्यांनी आमेन म्हटलं. विकारांचं आमेन सर्वांत मोठं होतं.

थडग्यातून वर काढलेल्या पेटीत नर्सबाई होती. ती जिवंत असताना रोगी तिच्या हाताच्या स्पर्शाने बरे होतात असा बोभाटा झाला, तेव्हा बिशपांच्या याच कार्यालयाने तिला वॉर्डातून काढून अकरा वर्षं भांडी घासायला लावली होती. तो हुकूम लेखनिकानेच टाइप केला होता. बाई मेली आणि हेच लोक तिला संत करायला निघाले. गेल्या आठवड्यात थडग्यावरच्या मेणबत्त्या, चिठ्ठ्या, कुबड्या पोत्यात भरून नेल्या होत्या. कारण संत ठरण्याआधी तिची सार्वजनिक पूजा झालेली नाही, असं लिहून द्यायचं होतं. तेही त्यानेच लिहिलं. बावीस वर्षांत त्याने काय काय गिळलं नव्हतं!

डॉक्टरांनी हाडं पुसून पांढऱ्या चादरीवर मांडली. एकेक नाव सांगत गेले, लेखनिक लिहीत गेला. "उजवा पंजा, सत्तावीस हाडं. पूर्ण."

डॉक्टर हात धुवायला गेले. विकार चादरीवर वाकले, प्रार्थना पुटपुटले आणि बाईच्या करंगळीच्या टोकाचं हाड त्यांच्या रुमालात गेलं.

"फादर, अवशेष काढायला वरून परवानगी लागते."

"येईल रे. नव्या वॉर्डाचा खर्च देणारे शेठ आहेत ना, त्यांच्या आईसाठी आहे. तू लिही, सर्व पूर्ववत ठेवून पेटी मोहोरबंद केली."

"आत्ताच तर शपथ घेतलीत!"

"अक्कल शिकवतोस? मेलेल्या बाईला नखाएवढ्या हाडाचं काय?"

'जितेपणी हात बांधले, आता तोडून वाटताहेत,' लेखनिकाच्या मनात आलं. त्याला विकारांची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची.

त्याने लिहिलं: "उजवा पंजा, सव्वीस. एक हाड विकारांनी परवानगीशिवाय काढले. मी पाहिले." खाली सही केली. डॉक्टर परत आले, त्यांनी कागद वाचला, चादरीकडे पाहिलं, पुन्हा मोजलं आणि शेजारी सही ठोकली.

"फाड तो कागद!"

"दोन सह्या झाल्या, फादर. आता तुमचीच राहिली."

विकारांनी रुमाल उलगडला. हाड परत चादरीवर ठेवलं. लेखनिकाने तेही लिहिलं, वेळेसकट.

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

हाडं पेटीत परत गेल्यावर कागद नळीत घालून त्याने आत ठेवला, मोहोर लावली आणि शाईची बाटली घट्ट बंद करून टेबलावर ठेवली. दाराशी विकारांनी सवयीने अंगठीचा हात चुंबनासाठी पुढे केला. त्या अंगठीपुढे बावीस वर्षं तो गुडघा टेकत आला होता.

तो बाजूने निघून गेला. पायऱ्या उतरताना गुडघा दुखत होता, म्हणून कठडा धरून तो एकेक पायरी सावकाश उतरला.