डावीकडे आशाबाई, उजवीकडे नुसता हात

लग्न लागून पंधरवडा उलटला की फोटोवाल्याच्या दुकानी भांडण येतं, हे दामिनीला पाठ होतं. कोणाचं पोट मोठं दिसतं, कोणाची नथ दिसत नाही, कोणाच्या जावेचे फोटो जास्त. माणसं स्वतःच्या तोंडाचा राग कॅमेऱ्यावर काढतात, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती लपवतही नसे. अकोल्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीतला तिचा स्टुडिओ चालत होता तो केवळ फोटो चांगले निघतात म्हणून.

त्या दिवशी पार्बताबाई तिवशाहून आल्या त्याच मुळी तोफ भरून. सोबत मुलगा योगेश आणि नवी सून आरती. योगेश पुण्याच्या कंपनीत, दुसऱ्या दिवशी तो आरतीला घेऊन पुण्याला निघणार होता. आरती इथलीच, अकोल्याची. तिची आई आशाबाई बाजारात भाजी विकते. स्वतःच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर विकून तिने मुलीला अमरावतीत शिकवलं, तिथेच या दोघांचं जुळलं.

"काहून वो," पार्बताबाईंनी पेनड्राइव्ह टेबलावर आपटला, "फोटोवाली आरतीच्या मायनं ठरवली म्हून त्याह्यले सारे फोटो अन् आमाले उरलेसुरले? आशाबाईच्या टीव्हीवर आमची विहिणींची गळाभेट म्या सोता पाह्यली. आमच्या पेनड्राइव्हात हायेच नाही! सांग, किती चहा पाजला तुले तिनं?"

दामिनीचं डोकं फिरलं. ही बाई हे साऱ्या तिवशात सांगत सुटली असणार. आणि आरती मान खाली घालून बसली होती, म्हणजे घरी तिलाही हेच ऐकावं लागत असणार.

"काकू, दोघांयले एकच फोल्डर देल्लं म्या. जसंच्या तसं."

"मंग आमचे फोटो का उंदरानं खाल्ले?"

"आई, जाऊ दे ना गं," योगेश म्हणाला. जन्म तिवशात गेला, पण तीन वर्षांत त्याच्या जिभेवर पुणं चढलं होतं. "कॉपी होताना राहिले असतील. टेक्निकल असतं ते. आपल्याला उशीर होतोय."

उशीर होतोय म्हणे! दामिनीला असली माणसं मुळीच सहन होत नसत. लग्नातही हा घोड्यावर गॉगल काढायला तयार नव्हता.

"राहिले का नाही राहिले, आत्ता दिसते," ती म्हणाली आणि तिने तुलनेचा प्रोग्राम उघडला. डाव्या बाजूला तिच्या हार्ड डिस्कवरचं मूळ फोल्डर घेतलं, उजव्या बाजूला तो पेनड्राइव्ह. नुसती नावं जुळवायची नाहीत, फाइलच्या आतलं सगळं ताडून पाहायचं, अशी खूण केली आणि बटण दाबलं.

"हे काय करून राह्यली?" पार्बताबाईंनी विचारलं.

"दोन्हीकडचं एकेक जुळवून राह्यली. जे माह्यापाशी हाय अन् तुमच्यात नाही ते वेगळं दाखवते. नाव सारखं पन आतून बदललं, ते बी दाखवते."

योगेशने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

यादी उतरली. बहुतेक ओळी 'सारख्या' होत्या. मध्येच कुठेतरी 'फक्त डावीकडे', मध्येच कुठेतरी 'वेगळी'. हळदीत दोनचार, मांडवात काही, 'भेटी' नावाच्या फोल्डरात तर रांगच.

"कॉपी तुटली असती," दामिनी म्हणाली, "तं एका जागी तुटली असती, पुढचं सारं गेलं असतं. हे वेचून गेलं." आणि तिने 'फक्त डावीकडे' मधला पहिला फोटो उघडला. पार्बताबाई आणि आशाबाई एकमेकींच्या गळ्यात. दोघी हसताहेत, पार्बताबाईंचा पदर घसरलाय आणि त्यांना त्याची पर्वा नाही.

"हाच! हाच तं!" पार्बताबाई खुर्चीतून उठल्या. "जन्मात एक फोटो चांगला आला माहा."

दुसरा उघडला. आशाबाई जावयाचे पाय धुताना. तिसरा, आशाबाई आरतीच्या केसांत गजरा माळताना. चौथा, आशाबाई. दामिनीने पुढचे उघडलेच नाहीत. तिला कळलं होतं, आणि आरतीलाही कळलं होतं.

"या वेगळ्या फायली," योगेश घाईघाईने म्हणाला, "मी काही फोटो उभे केले असतील. फिरवले की फाइल बदलते."

"बदलते," दामिनी म्हणाली. "पन फोटो फिरवला तं लांबीची रुंदी होते अन् रुंदीची लांबी. इथं उंची तेवढीच हाय, रुंदी कमी झाली. अन् तारीख म्या पेनड्राइव्ह देल्ल्यानंतरची हाय. नुसतं कॉपी केल्यानं तारीख बदलत नसते." तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

डावीकडे आरती नवरीच्या शालूत, आणि तिला बिलगून आशाबाई, सुती लुगड्यात, उन्हानं रापलेली. उजवीकडे एकटी आरती. पण कापणाऱ्याने कंजुषी केली होती. आरतीच्या खांद्यावर एक हात तेवढा राहून गेला होता. हिरव्या बांगड्यांचा, भेगाळलेल्या बोटांचा.

"हा हात कोनाचा हाय?" पार्बताबाईंनी विचारलं. त्या दामिनीला विचारत नव्हत्या.

"आई, ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे होते," योगेशची पुणेरी गळून पडली. "तिथं लोक कसे असतात तुले मालूम नाही. काय करते, कोन हाय, इचारत बसतात. नुसते फोटोच तं होते ना!"

दामिनीने आजवर हट्टी, भांडखोर, बिलं बुडवणारी माणसं पाहिली होती. या सुटाबुटातल्या किड्याइतकी तिला कोणाचीच किळस आली नव्हती. जिने पाय धुतले, तिलाच याने कापून टाकली!

"काकू," ती म्हणाली, "डावीकडचं उजवीकडे टाकते. एका बटनात दोन्ही सारखे होतात."

"नका टाकू, ताई," आरती पहिल्यांदा बोलली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आज माही आई कापली. मले कधी कापसान? मी बी तं बाजारात भाजीच्या पाटीजवळ बसलेली हाय."

योगेशने पुन्हा चष्मा काढला. आरती दामिनीकडे वळली.

"ताई, याह्यच्या पेनड्राइव्हातून मले बी काढा. हळद, मांडव, भेटी, ज्या फोल्डरात मी हाय ते सारं."

दामिनीने पार्बताबाईंकडे पाहिलं. पेनड्राइव्ह त्यांचा होता, पोरगा त्यांचा होता.

"काढ," त्या म्हणाल्या. "मले नवीन पेनड्राइव्हात सारं दे, आशाबाईसकट. अन् त्या जुन्यात मी कुठं असन तं मले बी काढ."

दामिनीने एकेक फोल्डर पुसलं. शेवटी 'नवरदेव' उरलं. त्यात पार्बताबाई ओवाळताना होत्या, तो एक फोटो काढला. सारे फोटो नव्या पेनड्राइव्हात भरून पार्बताबाईंना दिले, मग तिने तुलना पुन्हा चालवली. डावीकडे अख्खं लग्न. उजवीकडे घोडा, गॉगल आणि योगेश.

तिने पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातात दिला. तोवर त्या दोघी गल्लीच्या तोंडाशी पोचल्या होत्या आणि पार्बताबाई रिक्षावाल्याला ओरडून सांगत होत्या, भाजीबाजार.