मागे असेल तो बोलेल

दादाचा आवाज फुटबॉलच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. इतकी वर्षं त्या आवाजावरच अख्खी बचावफळी पुढे सरकायची आणि मागे यायची. यंदा मात्र दादाचे पाय जड झाले होते, आणि नव्या प्रशिक्षकाला बचावफळी थेट मध्यरेषेजवळ उभी करायची हौस. मग मागच्या मोकळ्या रानात धावणार कोण? म्हणून दादाच्या जोडीला एक चपळ गडी आणला. बोलायचा इतकं कमी की सगळे त्याला मौनीबाबाच म्हणायचे.

आज मोसमातला शेवटचा सामना. पुढच्या वर्षी संघात दादा राहणार की नाही, हे आज ठरणार होतं. घरून निघताना बायको एवढंच म्हणाली, "आज चिडू नका हं." सांगणं सोपं असतं!

विसाव्या मिनिटाला समोरचा स्ट्रायकर चेंडू घ्यायला खाली उतरला. दादा पुढे जाऊन त्याला भिडला. त्याने चेंडू मागे मिडफिल्डरला दिला आणि दादा सवयीने ओरडला, "वर चला!" बचावफळीची ओळ वर आली. पण मिडफिल्डरच्या अंगावर कोणीच नव्हतं. त्याने निवांत मान वर केली आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून मागे टाकला. त्यांचा विंगर ओळीच्या अलीकडून धावत सुटला, त्यामुळे ऑफसाइड होण्याचा प्रश्नच नव्हता. गोल.

मध्यंतरात प्रशिक्षकाने दादालाच धरलं. "ओळीकडे तुझी पाठ होती. मिडफिल्डर मोकळा होता, तेव्हा ओळीने मागे सरकायचं. हा मौनीबाबा 'मागे' म्हणत होता, ते तुझ्या आवाजात विरून गेलं. पुढे जाईल त्याने गप्प बसायचं. मागे असेल तो बोलेल."

सगळ्यांसमोर! दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसू? ठीक आहे, बसतो. मग बघा.

उत्तरार्धात संघाने बरोबरी साधली. शेवटच्या मिनिटांत स्ट्रायकर मौनीबाबाच्या बाजूला उतरला. मौनीबाबा पुढे झेपावला. मागे उरला दादा. त्याला सगळं लख्ख दिसत होतं: पुढे गेलेल्या मौनीबाबाच्या जागी भगदाड, आत न सरकलेला लेफ्ट बॅक, आणि त्या भगदाडातून घुसणारा विंगर. 'आत ये!' एवढंच ओरडायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मला गप्प बसायला सांगितलंय ना, असं मनात म्हणत दादाने तोंड घट्ट मिटलं. मग तो स्वतःच धावला, पण पाय कुठे पोचतात? चेंडू जाळ्यात गेला.

प्रशिक्षकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि पुढच्या वर्षाचं उत्तर दादाला तिथेच कळलं. तरी फणकारा जाईना. "मला बोलायला मनाई होती," तो मौनीबाबावर खेकसला.

मौनीबाबा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याने मान वर केली.

"दादा, या वेळी मागे तुम्ही होतात. मी तुमच्या आवाजाची वाट बघत होतो."