पूर्ण गुण

कंपनीतल्या अंतर्गत ऑडिटरच्या परीक्षेतली केस तिने लगेच ओळखली. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये बोटं गमावलेला तो कामगार म्हणजे तिचा दादा. 'निष्काळजीपणा' म्हणत याच कंपनीने तेव्हा हात झटकले होते.

तिने रागारागाने लिहिलं, 'प्रेसला सुरक्षा जाळी लावली की टार्गेट गाठता येत नाही, म्हणून कामगार ती काढतात. हे मूळ कारण. जाळी परत बसवणं ही नुसती मलमपट्टी; टार्गेट बदलणं ही सुधारात्मक कृती. जिथे अजून अपघात झाला नाही तिथला असाच धोका आधीच काढणं, ही प्रतिबंधात्मक.'

मॅनेजरने तपासून पूर्ण गुण दिले.

"साहेब, दुसरी प्रेस अजून बिनजाळीचीच चालते. तिचं टार्गेट कधी बदलणार?"

"अहो बाई, ही परीक्षा आहे."

भिंतीपलीकडे ती प्रेस धडधडत होती. त्या प्रेसवर धाकटा भाऊ कामाला बसला होता, दादाचा आणि तिचा.