मदतनीस नको

नववीला व्हिडिओचा प्रकल्प द्यायचा म्हटलं की भाविकाबाईंच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मुरबाडहून एसटीनं शेणव्याच्या शाळेत येताना त्या दिवशीही त्या तोच विचार करत होत्या. गेल्या वर्षी हीच मुलं आठवीत असताना नुसता गोंधळ झाला होता. ज्याच्या हाती मोबाईल तो राजा! विपुलनं घरचा मोबाईल आणला, सगळं स्वतःच केलं आणि वीसपैकी अठरा गुण घेतले. त्याच्याच गटातली गोजर व्हिडिओत कुठेच दिसली नाही, म्हणून तिला मिळाले चार. पोरीनं मुकाट्यानं मान खाली घातली. ती मान बाई काही विसरल्या नव्हत्या.

या वर्षी विषय होता गावाच्या ओढ्यावरचा बंधारा. रिकाम्या गोण्यांत माती भरून पाणी अडवतात, तो. बाईंनी गुणांचा तक्ता आधीच बनवला. दहा गुण सगळ्या गटाच्या व्हिडिओला, दहा ज्याच्या त्याच्या कामाला. माहिती, लेखन, चित्रीकरण, संकलन अशी चार कामं ठरली. गटात मुलं पाच, म्हणून पाचवा मदतनीस.

तक्ता चालतो का ते बघायला त्यांनी गेल्या वर्षीचा एक व्हिडिओ दाखवला आणि प्रत्येक गटाला गुण द्यायला लावले. झाली पंचाईत! 'मांडणी आकर्षक' या ओळीला एका गटानं पाच दिले, दुसऱ्यानं एक. एकाला गाणं आवडलं, दुसऱ्याला गाण्यात बोलणं ऐकू आलं नाही. बाईंनी ती ओळ तिथल्या तिथे खोडली. तिच्या जागी लिहिलं, 'बोलणं शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येतं' आणि 'दिसतं ते बोलण्याशी जुळतं'. हे कुणालाही तपासता येण्यासारखं होतं.

"आता कामं वाटा," बाई म्हणाल्या.

"गोजर मदतनीस," विपुल लगेच म्हणाला. वाईट मनानं नव्हे हो, पोरगा दिलदार होता. "ती काय बोलत नाय बाई. सामान धरील."

गोजरची मान पुन्हा खाली जाणार, असं बाईंना वाटलं. पण ती तक्त्याकडे बघत होती.

"बाई, मदतनिसाचे दहा गुण कशाचे?" तिनं हळूच विचारलं. "हितं काय लिवलंच नाय."

बाई चपापल्या. खरंच की! चौघांच्या कामापुढे काय करायचं, काय दाखवायचं, सगळं होतं. मदतनिसापुढे कोरी जागा.

"बंधाऱ्यावर एक जण गोणीचं तोंड धरतो," गोजर म्हणाली, "माती भरनारा दुसरा. पन तोंड धरनाऱ्याला आमी मदतनीस नाय म्हनत. त्याचं पन कामच."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी कधी ना कधी गोणी धरली होती.

बाईंना स्वतःचा राग आला आणि पोरीचं कौतुकही वाटलं. त्यांनी 'मदतनीस' खोडून तिथं 'आवाज' लिहिलं. शाळेचा जुना मोबाईल बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरायचा, आधी थोडं बोलायला लावून ऐकायचं, मध्ये गडबड झाली तर थांबवायचं आणि आवाजाची वेगळी फाईल नाव-तारखेसह जमा करायची. मग सगळ्या कामांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आवाज गोजरच्याच वाट्याला आला, चित्रीकरण विपुलच्या. संकलन त्यांच्याच गटातल्या अमोलकडे गेलं, पण त्याच्या घरी मोबाईल नव्हता. म्हणून बाईंनी नियमच केला, संकलन शाळेतच, शाळेच्या संगणकावर.

चित्रीकरणाच्या दिवशी ओढ्यावर गावातला म्हातारा कुंडलिकआजा बंधाऱ्याची हकिगत रंगात येऊन सांगत होता. तेवढ्यात वरच्या रस्त्यानं जीप घरघरत आली.

"आजा, थांब," गोजर म्हणाली. "जीप जाव दे, मंग पयल्यापासून सांग."

म्हातारा थांबला. विपुल वैतागला, पण कॅमेरा त्यानंही थांबवला.

व्हिडिओ वर्गात लागला तेव्हा विपुलच्या मोबाईलमधला आवाज वाऱ्यानं पार खाल्ला होता. अमोलनं त्याच्या जागी गोजरची फाईल बसवली होती. आजाचा शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला. भाविकाबाईंना इतकं बरं वाटलं की गटाला दहापैकी नऊ देताना हात जराही अडला नाही.

विपुलला स्वतःच्या कामाचे आठ मिळाले, गोजरला नऊ. सुट्टीत विपुल तिला चिडवत होता, "आवाजवाली!" ती हसली आणि सरळ बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, एक गुन का कापला?"

बाईंनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. गोजरनं बोट ठेवून आपल्या कामाची ओळ वाचली. फाईलवर नाव होतं, तारीख नव्हती.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि ताठ मानेनं डबा खायला गेली.