साडेसात टक्के

कोब्लेन्ट्झहून निघतानाच ऑटिलीनं ठरवलं होतं, या रविवारी धाकट्या बहिणीचा होकार घेऊनच परतायचं. मोझेल नदीकाठचं तिचं हे चिमुकलं गेस्टहाउस विकायचं आणि लिझेलोटनं आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं.

"नवरा जाऊन इतकी वर्षं झाली," ती म्हणाली. "इथं आता तुझं आहे तरी कोण?"

लिझेलोट ट्राउट मासे साफ करत राहिली. उत्तर होतं, पण त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. ते नदीपलीकडच्या चढावर द्राक्षं पिकवायचं, दर रविवारी जेवायला यायचं आणि हवामानाखेरीज कशावर बोलायचं नाही. त्याचं नाव गुंडोल्फ. आज त्यानं आपल्याकडची बाटली ओट्यावर ठेवली आणि टेबल मांडायला म्हणून तो अंगणात सटकला.

ऑटिलीनं बाटली उचलली. रीसलिंग द्राक्षांची पांढरी वाइन, उशिराच्या तोडणीची. कोरडी की गोड, काहीच लिहिलं नव्हतं. शाई वाचवली, ती म्हणाली. नाहीतरी गुंडोल्फची वाइन म्हणजे दात आंबणारच. खोटं नव्हतं ते. साखर उरलेल्या वाइनला तो सरबत म्हणायचा, हे गावभर ठाऊक होतं.

लिझेलोटनं हात पुसून चष्मा लावला आणि लेबलवरची बारीक अक्षरं वाचली. अल्कोहोल साडेसात टक्के. पुन्हा वाचलं. इतक्या पिकल्या द्राक्षांचा रस पुरता आंबला, तर साखरेचं सगळं अल्कोहोल होऊन आकडा सहज बाराच्या घरात जातो. तो साडेसातवर अडला, म्हणजे कुणीतरी पिंप थंड करून आंबणं मुद्दाम थांबवलं. उरलेली साखर बाटलीतच राहिली.

मग तिनं साल पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचं. त्याच शरदात ती त्याच्याकडे तोडणीला गेली होती. घडातलं एक द्राक्ष तोंडात टाकून म्हणाली होती, एवढ्या गोड द्राक्षांची असली आंबट वाइन काढतोस, माझ्यापुरती तरी साखर ठेव. तेव्हा तो, पाऊस येईलसं वाटतंय, एवढंच म्हणाला होता.

तिनं बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि त्याचीच जुनी कोरडी घेऊन बाहेर आली. गुंडोल्फचा चेहरा पडला.

"माझी आजची नको का?"

"माशाबरोबर ही बरी. ती प्लमच्या केकबरोबर उघडू," लिझेलोट म्हणाली. "अजून आहे का रे तसली?"

"एक पिंपच केलं होतं." त्याचे कान लाल झाले. "विकलं नाही. यंदाही एक ठेवीन म्हणतो."

"ठेव. तोडणीला मी आहेच."

ऑटिलीनं काटा खाली ठेवला. "आणि फ्लॅट?"

"दे कुणाला तरी, ताई. हवेशीर आहे तो."

केकबरोबर ऑटिलीनं पहिला घोट नाक मुरडूनच घेतला. मग बाटली फिरवून लेबल नीट वाचलं, गुंडोल्फकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि सरबत बरं जमलंय म्हणत ग्लास पुढे केला.