भागिले चार पूर्णांक एकशे चौऱ्याऐंशी

आमच्या प्रशिक्षकाला मुली दशांशसर म्हणायच्या, अर्थात पाठीमागे. दशांशाशिवाय माणूस बोलतच नसे. एकदा चहात साखर किती म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक पूर्णांक पाच दशांश चमचे." मी तेव्हा हसले होते. आता त्या हसण्याचाही राग येतो.

मी मुलींच्या सायकल संघाची आहारतज्ज्ञ. माझी धाकटी बहीण त्याच संघात, चढावर सगळ्यांत तेज. आता ती काठी घेऊन चालते. मांडीच्या हाडाला बारीक तडा गेलाय, आणि तो या माणसाच्या भागाकारानं गेलाय.

झालं असं. संघाकडे पूर्वी व्यायामाची एका जागी उभी असलेली जुनी सायकल होती. तिच्या पडद्यावर शरीरानं खर्च केलेली ऊर्जा दिसायची, किलोज्यूलमध्ये. त्याला चार पूर्णांक एकशे चौऱ्याऐंशीनं भागलं की किलोकॅलरी मिळायच्या. बरोबर होतं ते. खाण्याच्या पाकिटांचंही तसंच. आमचे एनर्जी बार परदेशातून यायचे, त्यांच्यावर फक्त किलोज्यूल छापलेले. हजार किलोज्यूलचा बार म्हणजे दोनशे एकोणचाळीस किलोकॅलरी. तेही बरोबर.

मग पॅडलमध्ये बसवायची नवी मीटरं आली. तीही किलोज्यूलच दाखवतात, पण ते शरीराच्या खर्चाचे नव्हेत. पॅडलवर जेवढं काम प्रत्यक्ष उतरलं तेवढेच. माणसाचं शरीर उधळं आहे हो, खाल्लेल्यातला जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. मीटरनं चोवीसशे दाखवले तर शरीरानं खर्च केले साधारण दहा हजार किलोज्यूल. आता त्याला भागा. आल्या ना परत चोवीसशेच्या आसपास किलोकॅलरी? म्हणून मीटरच्या आकड्याला भागायचंच नसतं. तोच आकडा किलोकॅलरी म्हणून धरायचा.

हा गृहस्थ भागत राहिला. चोवीसशेचे पाचशे चौऱ्याहत्तर! आणि मुलींना खायलाही तेवढंच. मी सांगायला गेले, कागदावर मांडून दाखवलं, भांडले. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पदार्थ बघा, आकडे मी बघतो. एकक बदललं की भागावंच लागतं, हे शाळेत शिकवतात." दुसऱ्या मुली खोलीवर जाऊन डबे उघडायच्या. माझी बहीण मात्र त्याची भक्त. मी ताटात वाढलेलं ती परत ठेवायची. "ताई, सरांचा हिशेब झालाय." आधी तिची पाळी बंद झाली, मग झोप उडाली, हाडं ठिसूळ झाली, मग एका सरावात चढावरच ती कोसळली.

आणि दशांशसरांनी संघाच्या अध्यक्षबाईंना काय सांगावं? "पोरगी चोरून उपाशी राहते. वजनाचं वेड लागलंय तिला." धाकटीचं नाव संघातून काढलं. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. मी अध्यक्षबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "बहीण म्हणून तुम्ही बोलणारच."

ठीक आहे म्हटलं. बहीण बोलणार नाही. त्याचा भागाकारच बोलेल.

संघाची वर्षातून एक फेरी असते. अध्यक्षबाई, देणगीदार, प्रशिक्षक सगळे मुलींबरोबर सायकल चालवतात, आणि शेवटी तो मोठा चढ. संध्याकाळी नव्या मोसमाचा संघ जाहीर होतो. धाकटीचं नाव त्यात आलं नाही तर तिचा खेळ संपलाच. सरांना त्या दिवशी पोट आत हवं होतं, नवी जर्सी अंगाला घट्ट बसते ना. म्हणून काही आठवडे तेही रोज सायकल मारून, मीटर बघून, भागून जेवत होते. गालफडं बसली होती. कुणी विचारलं तर छाती फुगवून "शिस्त" म्हणायचे.

मी मूग गिळून बसले. एकदा सांगून झालं होतं.

फेरीच्या सकाळी त्यांनी फर्मान सोडलं, "चोवीसशे किलोज्यूलची फेरी आहे. माझे दोन पूर्णांक चार दशांश बार बांधा."

"चार दशांश नक्की ना, सर?"

"नक्की."

मी तिसरा बार वजनकाट्यावर ठेवला, सुरीनं नेमका कापला आणि उरलेला तुकडा त्यांच्यासमोर खाऊन टाकला. इतका गोड बार मी जन्मात खाल्ला नव्हता.

मी मदतीच्या गाडीत होते. मागच्या सीटवर धाकटी, काठी मांडीवर आडवी. गाडीत बारचं अख्खं खोकं आणि साखरेच्या पाण्याच्या बाटल्या. माणूस मरावा असं मला वाटत नव्हतं. पण त्यानं सगळ्यांसमोर जमिनीवर यावं, हे मला मनापासून हवं होतं.

चढाच्या मध्यावर त्याची सायकल डुलायला लागली. मग त्यानं पाय टेकले आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसला. ओठ पांढरे पडले होते. अध्यक्षबाई उतरून धावल्या. मुली थांबल्या. मी गाडीतून सावकाश उतरले, बारचं खोकं आणि एक बाटली काखोटीला मारून.

"काहीतरी द्या," तो म्हणाला.

मी त्याच्या सायकलीच्या पडद्यावर वाकले. "एकवीसशे झालेत, सर. म्हणजे तुमच्या पाचशे दोन किलोकॅलरी खर्च झाल्या. त्याहून जास्त तुम्ही खाल्लंय. मग भूक कसली?"

"बाई..."

"की चोरून उपाशी राहताय? वजनाचं वेड लागलं का?"

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे काय चाललंय?"

"सांगा सर. एकवीसशेला कशानं भागायचं ते सांगा, मग खोकं तुमचंच."

तो पडद्याकडे बघत राहिला. ओठ हलले, बोटं हलली. दशांश तर सोडाच, त्याला साधा भागाकारही सुचेना. डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. धाकटीनं माझ्या काखेतून बाटली ओढली, झाकण काढलं आणि त्याच्या हातात दिली. "आधी प्या," ती म्हणाली. मी तिच्यावर डोळे वटारले, पण तिनं लक्ष दिलं नाही.

तो प्यायला. एक बार खाल्ला, मग दुसरा, मुलांसारखा, कागद अर्धा फाडून. रंग परत यायला वेळ लागला. मग अध्यक्षबाईंकडे न बघता म्हणाला, "भागायचं नव्हतं. मीटरला भागायचं नव्हतंच. ती उपाशी राहत नव्हती. मी ठेवत होतो."

मुलींमध्ये कुणीतरी हुंदका दिला. अध्यक्षबाईंनी हेल्मेट काढलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळी संघाची नावं मी वाचेन. हाड जुळेपर्यंत हिची जागा रिकामी राहील. आणि तुम्ही व्यासपीठावर येऊ नका."

मला वाटलं, संपलं. सूड पूर्ण झाला. पण धाकटी अजून त्याच्या सायकलीजवळ उभी होती, पडद्याकडे बघत.

"सर," ती म्हणाली, अगदी शांतपणे, "तुम्ही एकवीसशेला बसलात. मी त्या दिवशी सत्तावीसशेला पडले होते. याच चढावर, तडकलेल्या हाडानं."

दशांशसरांनी मान खाली घातली. ती वळून काठी टेकत गाडीकडे आली आणि मला म्हणाली, "ताई, एक बार दे. अख्खा."